पगार लांबणार आहे, मेसेज कसा लिहू? (माझे चार मेसेज खाली टाकलेत, बिनधास्त चिरफाड करा)

गणवेशवाला | रवि. 5 जुलै, सकाळी 10:40

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला आमचं शाळेच्या गणवेशाचं छोटं युनिट आहे. पगारी माणसं नऊ: कटिंग मास्तर, सुपरवायझर, दोन इस्त्रीवाले, काज-बटनवर दोघी, पॅकिंगला तीन हेल्पर. शिवाय पाच कारागीर नगावर, त्यांचा हिशोब दर शनिवारी होतो.

पगार 7 तारखेला असतो. यावेळी होत नाही. मे-जूनमध्ये माल हैदराबादच्या एका पार्टीला गेला, 2,40,000 येणं आहे. रोज "उद्या बघतो" चाललंय. लोकांना काहीतरी कळवायला हवं म्हणून काल रात्री बसून मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. अजून पाठवलेलं नाही. बायको म्हणाली, "हे वाचून मला काहीच कळलं नाही, त्यांना काय कळणार?" म्हणून इथे टाकतोय.

१) ग्रुपवर: "मंडळी, यावेळी पगाराला थोडं मागंपुढं होईल. पार्टीचं पेमेंट अडकलंय. आलं की लगेच करतो. सांभाळून घ्या 🙏"

२) कोणी विचारलं तर: "सोमवार-मंगळवारपर्यंत होऊन जाईल बहुतेक."

३) मास्तरांना वेगळा: "मास्तर, तुमचं मी बघतो, काळजी नको. बाकीच्यांना बोलू नका."

४) फारच आवाज झाला तर: "आपण सगळे एका घरातली माणसं. घरावर वेळ आली की सगळ्यांनी सोसायचं असतं."

यातलं काय ठेवू, काय काढू?

---

पुण्यातला_सोलापूरकर | 10:58

मालक, चौथा तर पाठवूच नका. घरातली माणसं म्हटल्यावर ती घरीच येतील की ओ जेवायला.

---

चाटी_गल्ली | 11:15

तुमची उद्यम नोंदणी आहे का? असेल तर घाबरायचं कारण नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पार्टीला पैसे द्यावेच लागतात. नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाका. पार्टीला मेसेज असा करा: "आमच्या बिलाला 45 दिवस पूर्ण झाले असून..."

गणवेशवाला | 11:22

मालक, उद्यम आहे आणि त्या वाटेनंही जाणार आहे. पण प्रश्न पार्टीला काय लिहू हा नाही, माझ्या माणसांना काय लिहू हा आहे.

चाटी_गल्ली | 11:24

अच्छा. मी वरवर वाचलं. तरी पार्टीला लिहाच.

---

कडक_भाकरी | 11:50

माझे वीस माग होते, तीस वर्षं हेच केलंय, म्हणून सांगतो. एक, कायद्यात 10 तारखेपर्यंत मुभा आहे, तेव्हा 7 ला लगेच आभाळ कोसळत नाही. दोन, सगळ्यांकडून एका कागदावर सही घ्या, "पगार उशिरा मिळण्यास आमची हरकत नाही." विषय संपला. तीन, तारीख कधीच सांगायची नाही. तारीख सांगितली की ती माणसं ती धरून बसतात.

---

हजेरीबुक | 12:35

मी आधी मिलच्या पगार खात्यात होते आणि नंतर बरीच वर्षं एका सीएंच्या ऑफिसात लोकांची पगारपत्रकं केली. भाकरी दादांचं आधी घेते.

10 तारीख ही जुन्या 1936 च्या कायद्यात होती, आणि तीही हजार किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्यांसाठी. लहान कारखान्याला तेव्हाही 7 च होती. आता वेतन संहिता आहे, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू, त्यात महिन्याच्या पगाराला सरळ पुढच्या महिन्याची 7. सहीच्या कागदाने ती तारीख पुढे जात नाही. उलट तो कागद उद्या कोणी कामगार अधिकाऱ्यापुढे ठेवला तर उशीर झाल्याचा पुरावा तुम्हीच तुमच्या हाताने लिहून दिलेला असेल. आणि गणवेशवाले, आपण इथे कितीही चांगला मेसेज लिहिला तरी उशीर तो उशीरच राहील, हे आधीच समजून घ्या.

आता तुमचे चार मेसेज. त्यात पगाराची पक्की तारीख नाही, रक्कम नाही. "थोडं मागंपुढं" म्हणजे तुमच्या मनात दहा दिवस असतील. पॅकिंगवाल्या बाईच्या मनात दोन दिवस. ती तिसऱ्या दिवशी विचारायला आली की तुम्ही चिडणार आणि ती खोटं बोलले म्हणणार, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. "बहुतेक" तर तुम्ही स्वतःसाठी ठेवलेलं आहे, निसटायला.

"पार्टीचं आलं की" हे सगळ्यात वाईट. हैदराबादची पार्टी तुमची आहे. त्या बाईने तिच्याशी सौदा केलेला नाही.

पण मेसेज नंतर. आधी हे सांगा:
आज खात्यात किती? 15 तारखेपर्यंत कुठली देणी चुकवताच येत नाहीत? हैदराबाद सोडून कुठून, कोणत्या तारखेला, किती येणार? स्वतःचं मोडता येण्यासारखं काही आहे का?
तारीख यातून निघते.

---

विडीवाल्याची_लेक | 12:52

भाकरी काका, तारीख धरून बसतात कारण हप्ते तारखेवर जातात. माझा अनुभव सांगते. मागच्या नोकरीत (नाव घेत नाही) असाच मेसेज यायचा, "पगार लवकरच." माझा गाडीचा हप्ता 5 ला. तीन महिन्यांत दोनदा बाऊन्स, दर वेळी 590 रुपये. मला 12 तारखेला पगार होणार हे कोणी 3 ला सांगितलं असतं तर मी आत्याकडून उसने घेऊन खात्यात टाकले असते. पैसे उशिरा आले याचा राग एकपट, माहीत असून सांगितलं नाही याचा दुप्पट.

---

गणवेशवाला | 2:10

ताई, सगळं काढलं. लिहिताना घाम फुटला.

एकूण पगार 1,53,000. मास्तर 28,000, सुपरवायझर 22,000, इस्त्रीवाले 15,500 प्रमाणे, काज-बटन 15,000 प्रमाणे, हेल्पर 14,000 प्रमाणे.
खात्यात 1,12,000.
शनिवारी 11 ला कारागिरांचे 18,000. 12 ला लाइट बिल 9,000. 15 ला ईएसआयचे 7,000.
येणं: इथल्याच एका दुकानदाराचा 52,000 चा चेक हातात आहे, त्यावर तारीख 10.
माझी स्वतःची आरडी, मोडली तर 60,000 येतील.
हैदराबाद 2,40,000, कधी ते देव जाणे.

मी मनात 7 ऐवजी 10 धरली होती. चेक येईल, हैदराबादचे थोडे येतील, होऊन जाईल.

---

हजेरीबुक | 3:05

1,12,000 मधून 18, 9 आणि 7 हजार बाजूला ठेवा. ईएसआय तर अजिबात वापरू नका, त्यात माणसांच्या पगारातून कापलेला भाग आहे, तो तुमचा नाहीच. उरले 78,000. म्हणजे एकूण पगाराच्या अर्ध्याला, 76,500 ला, आजच पुरतात. मग "पगार लांबणार" हे मुळातच चूक आहे. अर्धा पगार वेळेवर होतोय, अर्धा लांबतोय. हे तुमच्या चारही मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

आता उरलेले 76,500. हैदराबाद शून्य धरा. चेक 10 चा, म्हणजे शुक्रवार. आजकाल चेक त्याच दिवशी वटतो, पण दुकानदाराने "दोन दिवस थांबून टाका" म्हटलं तर 11 ला दुसरा शनिवार, 12 ला रविवार, सोमवार 13 उजाडला. म्हणून तारीख 14, मंगळवार. 10 सांगितली असती तर पहिल्याच फोनवर तोंडावर पडला असता.

आणि चेक वटलाच नाही तर? मग फक्त आरडीचे 60,000 आणि वरचे 1,500. इस्त्री, काज-बटन, पॅकिंग या सात जणांचं उरलेलं 51,500 होतं. ते यात बसतं. मास्तर आणि सुपरवायझरचे 25,000 बसत नाहीत, दहाच हजार उरतात.

म्हणून सात जणांची 14 तारीख पक्की लिहा, ती चेकवर अवलंबून नाही. दोघांची चेकवर आहे, तर त्यांना तसंच सांगा. सगळ्यांना एकच छान मेसेज करायच्या नादात दोघांशी खोटं बोलू नका.

---

कडक_भाकरी | 3:20

आरडी मोडायची? व्याज बुडेल की.

हजेरीबुक | 3:26

बुडेल. पण ती मोडायची तयारी नसेल तर 14 तारीख लिहू नका. तारीख लिहिणं म्हणजे त्यामागे ती आरडी गहाण ठेवल्यासारखंच आहे.

गणवेशवाला | 3:31

मोडतो. मुलाच्या फीसाठी होती, ती डिसेंबरला आहे.

---

विडीवाल्याची_लेक | 3:45

मला एक पटत नाही. अर्धा-अर्धा सगळ्यांना समान का? 28,000 वाल्याला 14,000 मिळाले तर त्याचं घर चालतं. 14,000 वालीला 7,000 मिळाले तर दुकानदाराची उधारी आणि भाडं यातलं एकच भागतं. तिन्ही हेल्परना 7 ला पूर्ण द्या, 42,000 होतात. उरलेल्या 36,000 मध्ये बाकीच्यांना थोडं थोडं.

हजेरीबुक | 4:02

मी तसं करून पाहिलंय. मग काज-बटनवाल्या दोघींना निम्म्यापेक्षा खूप कमी मिळतं, आणि त्या हेल्परपेक्षा हजारच रुपये जास्त कमावतात. "तिला पूर्ण, मला पाच हजार का?" हे उत्तर मालकाला टेबलाशी उभं राहून द्यावं लागतं. समान भागाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. पण तुझं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

विडीवाल्याची_लेक | 4:05

एका वाक्यात देता येतं ही मालकाची सोय झाली ना, ताई.

हजेरीबुक | 4:11

हो, झाली.

---

गणवेशवाला | 4:40

अर्धा-अर्धाच करतो, मला तेवढंच जमेल. आता लिहितो. हा नवा, ग्रुपवर:

"सर्वांना कळवण्यात येते की काही अपरिहार्य आर्थिक कारणांमुळे जून महिन्याचे वेतन दोन टप्प्यांत अदा करण्यात येईल. पहिला टप्पा 7 जुलै, दुसरा 14 जुलै. सहकार्य अपेक्षित."

पुण्यातला_सोलापूरकर | 4:44

मालक, हे महापालिकेचं पाणी दोन दिवस बंद राहणार असल्याचं वाटतंय.

हजेरीबुक | 5:15

तारखा आल्या, चांगलं झालं. पण माणूस गेला. तुम्ही युनिटमध्ये "अदा करण्यात येईल" म्हणता का? जसं बोलता तसं लिहा. आणि रक्कम ग्रुपवर नको. ग्रुपवर फक्त तारखा, ज्याची त्याची रक्कम ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. मी असं लिहीन.

ग्रुपवर:

"जूनचा पगार यावेळी एकदम होत नाही. अर्धा मंगळवारी 7 जुलैला संध्याकाळी सहापर्यंत खात्यात येईल. उरलेला अर्धा उशिरा होणार आहे, त्याची तारीख प्रत्येकाला आज वेगळी कळवतो. आमचं बाहेरगावचं एक येणं थकलंय, पण त्याची वाट बघत तुमचा पगार ठेवलेला नाही. कारागिरांचा शनिवारचा हिशोब नेहमीसारखाच होईल. 7 तारखेला पूर्ण पगार करणं माझं काम होतं, ते झालं नाही, माफ करा."

हेल्परला वेगळा:

"तुमचा जूनचा पगार 14,000. मंगळवारी 7 जुलैला 7,000 येतील. उरलेले 7,000 मंगळवारी 14 जुलैला संध्याकाळी सहापर्यंत. ही तारीख पक्की आहे. त्याआधी कुठला हप्ता जाणार असेल तर मला आजच सांगा."

मास्तरांना:

"मास्तर, तुमचे 28,000. त्यातले 14,000 मंगळवारी 7 ला. उरलेले 14,000 मी 14 ला द्यायचे ठरवलेत, पण ते एका चेकवर आहेत. चेक वटला नाही तर 14 ला 5,000 आणि उरलेले 9,000 सोमवारी 20 जुलैला. चेकचं काय झालं ते 13 ला संध्याकाळी मी स्वतः सांगेन, तुम्हाला विचारावं लागणार नाही. हे मी सुपरवायझरनाही सांगितलंय."

शेवटचं वाक्य मुद्दाम. तुमच्या जुन्या "बाकीच्यांना बोलू नका"वर उतारा म्हणून. ते वाक्य चहाच्या सुट्टीपर्यंतही टिकलं नसतं.

20 च्या मागे काय उभं आहे ते मात्र तुम्ही सांगा. मी तारीख लिहिली खरी, पण दोघांचे मिळून 15,000 त्या दिवशी कुठून येणार?

---

गणवेशवाला | 5:50

18 च्या शनिवारी कारागिरांचे पुन्हा 18,000 लागतील, ते आणि हे मिळून 33,000. बार्शीच्या एका शाळेचं पीटीच्या ड्रेसचं 38,000 चं बिल आहे, दर महिन्याच्या 15 ते 17 मध्ये ते न चुकता देतात, चार वर्षांत एकदाही लांबवलं नाही. तेही नाही आलं तर मेहुण्याकडून. त्याच्याशी आत्ताच बोललो, हो म्हणालाय.

हजेरीबुक | 5:54

मेहुण्याशी आत्ताच बोललात हे चांगलं केलंत. 19 ला रात्री बोलला असता तर ती तारीख नसती, आशा असती. ठीक, 20 ठेवा.

---

कडक_भाकरी | 6:10

बाकी सगळं ठीक, पण "बाहेरगावचं येणं थकलंय" हे काढा. मी सांगतो ते ऐका. आज हे ग्रुपवर लिहिलं की उद्या कापडवाल्याच्या कानावर जातं, "गणवेशवाल्याचा पैसा अडकलाय." परवा तो उधारीवर तागा देत नाही. सोलापूर केवढंसं आहे?

विडीवाल्याची_लेक | 6:18

आणि नाही लिहिलं तर लोक स्वतः कारण तयार करतात. मालकाने जमीन घेतली, मालकाने नवी गाडी बुक केली. ते कापडवाल्याच्या कानावर गेलेलं चालेल का?

कडक_भाकरी | 6:21

जमीन घेतली म्हटलं तर उधारी वाढवून देईल तो.

पुण्यातला_सोलापूरकर | 6:22

😂 काकांचा मुद्दा आहे बगा.

गणवेशवाला | 6:40

ग्रुपवरून काढतो, तोंडी सांगतो. उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून बोलणार आणि मग मेसेज पाठवणार.

अजून दोन गोष्टी. काज-बटनवाल्या एका मावशींना वाचता येत नाही, आणि इस्त्रीवाल्यांपैकी एकाच्या घरात तेलुगू चालतं, मराठी समजतं पण वाचायचा कंटाळा. आणि दोघांची उचल चालू आहे, महिन्याला हजार कापतो. ती पहिल्या अर्ध्यातून कापू की दुसऱ्या?

हजेरीबुक | 7:05

मावशींना व्हॉइस मेसेज, पण त्यात आधी तारीख आणि रक्कम, मग बाकीचं. लोक व्हॉइस मेसेज शेवटपर्यंत ऐकत नाहीत. शिवाय लिहिलेलाही पाठवा, घरी लेकरू वाचून दाखवेल. इस्त्रीवाल्याला तुम्हाला येत असेल तर तेलुगूत बोला, तोडकं-मोडकं चालेल, फक्त आकडे आणि वार नीट सांगा.

उचल या महिन्यात कापूच नका. या महिन्यात उचल तुम्ही घेताय त्यांच्याकडून. पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू, आणि हे त्या दोघांच्या मेसेजमध्ये एका ओळीत लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात दोन हजार कापतील म्हणून ते धास्तावतील.

---

गणवेशवाला | सोम. 6 जुलै, दुपारी 1:15

सांगितलं. मला वाटलं होतं गलका होईल. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही, ते जास्त जड गेलं. मग मावशी म्हणाल्या, "14 ला नक्की ना? मग मी गटाचा हप्ता मैत्रिणीला भरायला सांगते, तिला 15 ला देते." बस, एवढंच.

एका हेल्परचा 10 ला मोबाइलचा हप्ता जातो. तिचे दोन हजार मी घरखर्चातून 7 लाच जास्तीचे टाकतो, म्हणजे 14 ला तिला पाच. बरोबर ना?

हजेरीबुक | 1:40

बरोबर, फक्त तिला नवा मेसेज करा: 7 ला 9,000, 14 ला 5,000. जुना तसाच राहिला तर 14 ला ती दोन हजार शोधत बसेल.

---

चाटी_गल्ली | मंगळ. 7 जुलै, रात्री 8:30

झाले का पगार? पार्टीला मेसेज केला का?

गणवेशवाला | 9:05

अर्धे साडेचारलाच झाले. पार्टीलाही लिहिलं, बिल नंबर आणि तारखेसह. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

---

गणवेशवाला | शुक्र. 10 जुलै, सकाळी 11:30

ताई, तुमच्या तोंडात साखर पडो की काय पडो. दुकानदाराचा फोन: "चेक मंगळवारी टाका, खात्यात नाहीयेत." आरडी मोडायला बँकेत उभा आहे.

हजेरीबुक | 11:42

चेक मंगळवारी टाका आणि पैसे दिसेपर्यंत त्याला धरून काही बोलू नका. मास्तरांना 13 ला सांगेन असं लिहिलं होतं ना? आजच सांगा. कळल्यावर तीन दिवस गप्प बसलात तर 13 तारीख पाळूनही तुम्ही लपवलंच म्हणतील.

गणवेशवाला | दुपारी 2:20

हा पाठवला, बघा:

"मास्तर, चेक 14 च्या आत वटणार नाही हे आज कळलं. त्यामुळे आधी सांगितल्याप्रमाणे मंगळवारी 14 ला 5,000 आणि सोमवारी 20 ला 9,000. यात आता बदल नाही. सुपरवायझरनाही कळवलंय."

मास्तरांचं उत्तर आलं: "ठीक." पूर्णविरामासकट. पूर्णविराम ते कधीच देत नाहीत.

हजेरीबुक | 2:31

मेसेज बरोबर आहे. मास्तरांचा राग मेसेजने जाणार नाही, 20 तारखेनेही कदाचित जाणार नाही. जाऊन बसा त्यांच्याजवळ पाच मिनिटं.

---

गणवेशवाला | मंगळ. 14 जुलै, संध्याकाळी 7:10

सातही जणांचे पूर्ण झाले, दोघांचे पाच-पाच. पण पॅकिंगमधल्या एकीने पैसे आल्यावर सांगितलं की उद्यापासून येणार नाही, टॉवेलच्या कारखान्यात लागतेय. तिचे जुलैचे चौदा दिवस निघतात.

कडक_भाकरी | 7:25

अचानक गेली ना? मग महिना संपेपर्यंत थांबवा तिचे. 7 ऑगस्टला द्या सगळ्यांबरोबर.

हजेरीबुक | 7:48

नाही दादा. राजीनामा दिलेल्याचा हिशोब आता दोन कामाच्या दिवसांत करायचा असतो, नव्या संहितेत तसंच आहे. उद्या बुधवारपासून धरलं तरी गुरुवार 16. गणवेशवाले, तिला आजच लिहा: जुलैचे चौदा दिवस, इतके रुपये, 16 ला. जाणाऱ्या माणसाचे पैसे कसे होतात हे राहिलेले आठ जण बघत असतात.

गणवेशवाला | 8:02

लिहितो. आणखी एक चूक झाली. मावशींनी आज विचारलं, "मालक, पुढच्या सात तारखेला काय आहे?" मी पटकन म्हणून गेलो, "होऊन जाईल."

विडीवाल्याची_लेक | 8:06

अरे देवा.

गणवेशवाला | 8:09

हो. जीभ चावली तिथल्या तिथे. ताई, हा मसुदा बघा, उद्या सकाळी सगळ्यांना पाठवीन म्हणतो:

"7 ऑगस्टच्या पगाराचे पैसे आज माझ्याकडे पूर्ण नाहीत. किती जमलेत आणि पगार एकदम होणार की दोन भागांत, हे मी शनिवारी 1 ऑगस्टला सकाळी सांगेन. तोपर्यंत कोणाला मोठा खर्च ठरवायचा असेल तर मला विचारून ठरवा."

हजेरीबुक | 8:30

"मला विचारून ठरवा" काढा, त्यांच्या खर्चाला तुमची परवानगी लागत नाही. "तर हे लक्षात ठेवा" एवढंच लिहा. बाकी पाठवा.

कडक_भाकरी | 8:41

पैसे नाहीत असं तीन आठवडे आधी कोण सांगतं ओ? आणखी दोघं जातील.

हजेरीबुक | 8:47

जातीलही.

चाटी_गल्ली | 9:15

हैदराबादचं काय झालं?

गणवेशवाला | 9:20

आज पहिल्यांदा फोन उचलला. म्हणाले, "थोडं मागंपुढं होईल, सांभाळून घ्या."